प्रतापनगरची २४ फ्लॅटवाली बिल्डिंग: "३० टक्के जास्त एरिया" ६ टक्क्यांवर कसा आला आणि करारात काय काय बदलावं लागलं

हे प्रकरण नागपुरातल्या प्रतापनगर भागातलं आहे. सोसायटीचं आणि बिल्डरचं नाव देत नाही, त्याची गरजही नाही, कारण असंच्या असं सध्या शहरात बऱ्याच ठिकाणी होऊन राहिलं आहे. मी सिव्हिल इंजिनिअर आहे, सोसायटीच्या सेक्रेटरी काकांनी कागद बघायला बोलावलं आणि मग शेवटपर्यंत त्यात होतो.

बिल्डिंग १९८८ ची, तळमजला अधिक तीन मजले, २४ फ्लॅट, लिफ्ट नाही, पार्किंग म्हणजे कंपाउंडच्या कडेने जिथे जागा मिळेल तिथे. स्लॅबचं प्लास्टर पडून सळ्या दिसायला लागल्या होत्या, दर पावसाळ्यात वरच्या सहा फ्लॅटमध्ये गळती, आणि तिसऱ्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या माणसांना जिना चढवत नव्हता. म्हणजे पाडून नवीन बांधायचं ह्यावर फारसा वाद नव्हता. वाद होता कोणाला द्यायचं आणि काय घेऊन द्यायचं.

आधी एक गोष्ट, कारण नागपुरात इथेच घोळ होतो. आपल्याकडे खूपशा बिल्डिंगा सोसायटी नसून १९७० च्या अपार्टमेंट ओनरशिप कायद्याखाली डिक्लेरेशन केलेल्या "अपार्टमेंट" असतात, बाहेर पाटीवर काहीही लिहिलेलं असो. पुढे जे सांगतो ते रजिस्टर्ड सहकारी गृहनिर्माण संस्थेबद्दल आहे, म्हणजे सहकारी संस्था कायद्याचं कलम ७९अ आणि त्याखाली सरकारने ४ जुलै २०१९ ला काढलेल्या पुनर्विकासाच्या सूचना. अपार्टमेंट असेल तर प्रत्येक फ्लॅटधारकाचा जमिनीत अविभक्त हिस्सा असतो आणि संमतीचं गणित वेगळं पडतं, म्हणून पहिल्या दिवशी रजिस्ट्रेशन सर्टिफिकेट हातात घेऊन बघा. इथे सोसायटी होती, पण जमिनीच्या आखीव पत्रिकेवर अजून मूळ जमीनमालकाचंच नाव होतं. कन्व्हेयन्स, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर करून देणं, कधी झालंच नव्हतं. जिल्हा उपनिबंधकांकडे डीम्ड कन्व्हेयन्सचा अर्ज करून ते आधी पूर्ण केलं, त्यात बरेच महिने गेले, पण जमीन सोसायटीच्या नावावर नसताना बिल्डरशी बोलणं म्हणजे जे आपल्या हातात नाही ते विकायला बसण्यासारखं होतं.

आता संमतीचा भाग.

कमिटीने अजून मीटिंगही बोलावली नव्हती तेव्हाच एका बिल्डरचा माणूस संध्याकाळी घरोघरी फिरायला लागला. सोबत पेढ्याचा डबा, एक रंगीत ब्रोशर, आणि स्टँप पेपरवर टाईप केलेलं संमतीपत्र. "काकू, हे नुसतं इंटरेस्ट दाखवायचं पत्र आहे जी, बाजूच्या सगळ्यांनी सही करून टाकली." तसं करत करत १७ सह्या झाल्या. मी ते पत्र मागवून वाचलं तर दुसऱ्या परिच्छेदात लिहिलं होतं की ही संमती "कायमस्वरूपी व मागे न घेता येणारी" आहे आणि सदस्य दुसऱ्या कोणत्याही विकासकाच्या बाजूने मत देणार नाही. एरियाचा आकडा, भाड्याचा आकडा, मुदत, काहीच नाही. सही करणाऱ्यांपैकी बहुतेकांनी दुसरा परिच्छेद वाचलाच नव्हता.

सोसायटीच्या वकिलांनी सरळ सांगितलं की बिल्डर कोण हे सर्वसाधारण सभा ठरवते, घरी घेतलेल्या सुट्ट्या सह्या म्हणजे सभेचा ठराव नाही. त्या १७ जणांनी बिल्डरला आणि कमिटीला लेखी कळवलं की ते पत्र आम्ही मागे घेत आहोत, आमचं मत सभेतच देऊ. ही पत्रं रजिस्टर्ड पोस्टाने पाठवली आणि पावत्या सोसायटीच्या फाईलला लावल्या. असं पत्र कोणी आणलं तर सही न करता त्याची झेरॉक्स ठेवून घ्या, एवढंच सुचवीन.

मग विशेष सर्वसाधारण सभा. २०१९ च्या सूचनांप्रमाणे कोरम एकूण सभासदांच्या दोन तृतीयांश, म्हणजे २४ पैकी १६, आणि पुनर्विकास करायचा हा निर्णय एकूण सभासदांच्या ५१ टक्क्यांनी. जुन्या २००९ च्या सूचनांमध्ये हे तीन चतुर्थांश होतं, म्हणून जुने लोक अजून ७५ टक्के म्हणत बसतात. आणि ५१ टक्के एकूण सभासदांचे, हजर असलेल्यांचे नाही. २४ चे ५१ टक्के म्हणजे १२.२४, म्हणजे १३ मतं पाहिजेच, हॉलमध्ये १६ जण असोत की २४.

पहिल्या सभेला हॉल भरलेला दिसत होता पण रजिस्टरवर मोजले तर १५ च. एका फ्लॅटच्या काकू आजारी म्हणून त्यांचा मुलगा आला होता, पण शेअर सर्टिफिकेट काकूंच्या नावाने, मुलगा सहयोगी सभासद पण नाही, तर तो मोजता येत नाही. दोन फ्लॅटचे सभासद वारलेले आणि मुलं पुण्यात, वारसांच्या नावाने ट्रान्सफर झालेलंच नाही. मुलगा चिडला, "आई झोपून आहे नं घरी, मी काय परका आहे का?" त्याचं दुःख खरं होतं, पण एकाला सूट दिली असती तर पुढे विरोध करणाऱ्या कोणीही ती सभाच चॅलेंज केली असती. सभा तहकूब झाली. मधल्या काळात सेक्रेटरी काकांनी वारसांची कागदपत्रं मागवून ती दोन्ही ट्रान्सफरची प्रकरणं मार्गी लावली आणि सभासद यादी स्वच्छ केली. पुढच्या सभेला १९ आले, १६ बाजूने, ३ विरोधात. सगळ्याचं व्हिडिओ शूटिंग केलं, आणि विरोध करणाऱ्या तिघांची कारणं इतिवृत्तात त्यांच्याच शब्दात लिहिली. हे मी मुद्दाम आग्रहाने करवून घेतलं, कारण बहुमत झाल्यावर विरोधकाला गप्प बसवायची घाई असते आणि पुढे कळतं की त्याचाच मुद्दा बरोबर होता.

तो मुद्दा होता एरियाचा.

विरोध करणाऱ्यांपैकी एक काकाजी वीज मंडळातून रिटायर झालेले, त्यांनी सभेत विचारलं, "३० टक्के जास्त देतो म्हणून राहिला, पण ३० टक्के कायच्यावर?" कोणाकडेच उत्तर नव्हतं. ब्रोशरमध्ये मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, ६५० च्या फ्लॅटला ८४५ चौरस फूट.

आम्ही काकाजींचाच फ्लॅट धरून गणित केलं. १९८८ च्या सेल डीडमध्ये ६५० चौरस फूट लिहिलंय, पण ते सुपर बिल्टअप, म्हणजे जिना, पॅसेज, भिंती सगळ्याचा वाटा धरून. सर्व्हेअर बोलावून आतून मोजमाप घेतलं. बिल्डरांवर नियंत्रण ठेवणाऱ्या रेरा कायद्याच्या व्याख्येप्रमाणे कार्पेट म्हणजे आतली वापरायची जागा अधिक आतल्या पार्टिशनच्या भिंती, पण बाहेरच्या भिंती, शाफ्ट, बाल्कनी आणि स्वतःची उघडी गच्ची त्यात नाही. ह्या हिशोबाने फ्लॅट निघाला ५०२ चौरस फूट, आणि बाल्कनी वेगळी ३४.

आता ८४५ कडे बघा. करारनाम्याच्या मसुद्यात मागे जोडलेल्या परिशिष्टात ह्या ८४५ च्या पुढे शब्द होता "विक्रीयोग्य क्षेत्र", आणि तळटीपेत कार्पेटवर ४० टक्के लोडिंग, सामायिक जागेचा वाटा म्हणून चढवलेलं. म्हणजे ८४५ ला १.४ ने भागायचं, येतात ६०३. त्या ६०३ मध्ये परत बाल्कनी ४८ आणि ड्राय बाल्कनी २२ धरलेली, ती ७० काढली की खरा रेरा कार्पेट राहतो ५३३. आधी ५०२ होता. वाढ ३१ चौरस फूट, म्हणजे जेमतेम ६ टक्के. एका लहान बाथरूमएवढी जागा. बाल्कनी मात्र ३४ ची ७० झाली, ते खरं, पण बाल्कनीत पलंग टाकता येत नाही.

ह्यात बिल्डर खोटं बोलला असं म्हणता येत नाही. त्याने एक आकडा सुपर बिल्टअपमध्ये दिला आणि सभासदांनी तो मनात कार्पेट समजून घेतला. म्हणून सोसायटीने टेंडरमध्येच अट टाकली की प्रत्येकाने एरियाची ऑफर फक्त रेरा कार्पेटमध्ये आणि फक्त आमच्या सर्व्हेअरच्या मोजमापावर टक्केवारीत द्यायची, बाल्कनी वेगळ्या रकान्यात. सरकारी सूचनाही रेरा कार्पेटच धरायला सांगतात. तीन टेंडर आले. पहिलाच ३० टक्केवाला आता १० टक्क्यांवर आला, दुसऱ्याने १८ दिले, तिसऱ्याने २२. ज्याचं ब्रोशर सगळ्यात साधं होतं त्याचा आकडा सगळ्यात मोठा निघाला.

बिल्डर एवढे टक्के कुठून देतो हे पण सभासदांना कळायला पाहिजे, नाहीतर लोक ५० टक्के मागत बसतात. प्लॉटवर किती बांधता येईल हे यूडीसीपीआर नावाच्या नियमावलीतून येतं, बेसिक एफएसआय १.१, म्हणजे प्लॉटच्या १.१ पट बांधकाम, त्यावर प्रीमियम भरून मिळणारा आणि टीडीआर, म्हणजे दुसऱ्या जागेचा बांधकामाचा हक्क, विकत घेऊन मिळणारा, आणि हे वरचे दोन समोरच्या रस्त्याच्या रुंदीवर ठरतात. अरुंद गल्लीतली बिल्डिंग आणि मोठ्या रस्त्यावरची बिल्डिंग ह्यांना सारखा एरिया मिळूच शकत नाही, भले दोन्ही प्रतापनगरातच का असेना. मेट्रोच्या आसपासच्या पट्ट्यात वेगळे नियम लागतात. सोसायटीने नेमलेल्या पीएमसीने, म्हणजे प्रोजेक्ट मॅनेजमेंट कन्सल्टंटने फिजिबिलिटी रिपोर्टमध्ये हे सगळं मांडून दाखवलं की २४ ते २६ टक्क्यांच्या वर गेलं तर बिल्डरला पैसे उरत नाहीत, आणि ज्याला पैसे उरत नाहीत तो काम अर्ध्यात सोडतो. हा रिपोर्ट टेंडरच्या आधी हातात असल्यामुळे बोलणी डोळस झाली. शेवटी तिसरा बिल्डर २५ टक्क्यांवर आला. काकाजींचा फ्लॅट ५०२ चा झाला ६२८, अधिक बाल्कनी वेगळी किमान ४०.

तळमजल्याच्या तिघांचा प्रश्न मात्र कडू होता. त्यांनी बाजूच्या मोकळ्या जागेत पत्र्याचं शेड टाकून ८०-९० फूट वापरात घेतले होते, आणि त्यावर पण २५ टक्के पाहिजे होते. मंजूर नकाशात जे नाही ते मोजता येत नाही, ह्यावर सोसायटी ठाम राहिली, पण त्यांनी इतकी वर्षं तळमजला वापरला, वय झालंय, म्हणून नवीन बिल्डिंगमध्ये त्यांना पहिल्या दोन मजल्यांवर पसंतीक्रम दिला. बाकीच्यांनी ते मानलं. कागदावर नसलेला हक्क द्यायचा नाही पण माणसाची अडचण बघायची, हे मला पटलं.

मग एक बारीक गोष्ट जी बहुतेक करारात सुटते. ६२८ कधी मोजायचे, वीटकाम झाल्यावर की प्लास्टर झाल्यावर? १० बाय १२ च्या खोलीत दोन्ही बाजूंना अर्धा अर्धा इंच प्लास्टर धरलं तरी पावणेदोन चौरस फूट जातात, अख्ख्या फ्लॅटमध्ये आठ-दहा. म्हणून करारात लिहिलं की मोजमाप प्लास्टर झाल्यावर, आतून, आणि प्रत्येक सभासदाच्या फ्लॅटचा नकाशा खोलीनिहाय मापांसकट परिशिष्टात, त्यावर सभासद आणि बिल्डर दोघांची सही. नवीन फ्लॅट विकताना बिल्डर ज्या नमुना करारात कार्पेटमध्ये ३ टक्के कमी-जास्त चालेल असं म्हणतो, ते सभासदांना लागू नाही असं स्पष्ट टाकलं. कमी भरला तर त्या वेळच्या विक्रीच्या भावाने पैसे, जास्त भरला तर सभासद काहीच देणार नाही.

बिल्डरची निवड उपनिबंधक कार्यालयाच्या प्रतिनिधीसमोर सभेत झाली, १५ मतं पडली, आणि मग खरी लढाई सुरू झाली ती डेव्हलपमेंट अॅग्रीमेंटच्या मसुद्यावर.

सगळ्यात जास्त ताणाताण बँक गॅरंटीवर. सूचनांमध्ये प्रकल्पाच्या खर्चाच्या २० टक्के बँक गॅरंटी सांगितली आहे. इथे खर्च सुमारे १२ कोटी धरला होता, म्हणजे २ कोटी ४० लाख. बिल्डर म्हणाला, "भाऊ, एवढी रक्कम बँकेत अडकवली तर मी बांधू कशाने? त्याऐवजी माझे चार सेल फ्लॅट तुमच्याकडे सिक्युरिटी ठेवतो." ऐकायला बरं वाटतं. पण काम बंद पडलं तर ते चार फ्लॅट म्हणजे हवेत, बांधलेलेच नसतील. सोसायटीला अशा वेळी रोख लागते, दुसरा ठेकेदार आणायला आणि सभासदांचं भाडं द्यायला. शेवटी त्याची अडचण पण समजून मधला रस्ता काढला: गॅरंटी सुरुवातीला पूर्ण २ कोटी ४० लाखाची, सगळे स्लॅब टाकून झाले की १ कोटी ६० लाख, आणि राहायला परवानगी देणारं ऑक्युपन्सी सर्टिफिकेट मिळून एक वर्ष होईपर्यंत ८० लाख राहणार.

बँकेचं गॅरंटीचं पत्र आलं तेव्हा वकिलांनी ते दोनदा परत पाठवलं. पहिल्यात लिहिलं होतं की लवादाचा निवाडा सोसायटीच्या बाजूने लागल्यावर बँक पैसे देईल. म्हणजे आधी तीन-चार वर्षं भांडा, मग पैसे. गॅरंटी बिनशर्त आणि सोसायटीच्या पहिल्या लेखी मागणीवर देय असली पाहिजे. दुसऱ्यात हे सुधारलं पण गॅरंटीची मुदत २४ महिने, आणि करारातली बांधकामाची मुदत २४ अधिक ६ महिने सवलतीचे. म्हणजे उशीर सुरू होताच गॅरंटी संपलेली. मुदत ऑक्युपन्सीच्या पुढे एक वर्ष नेली, आणि संपायच्या दोन महिने आधी रिन्यू केली नाही तर तेच कारण धरून सोसायटी पैसे काढू शकेल असं करारात टाकलं. आणि पत्र खरं आहे का हे बिल्डरला न विचारता थेट बँकेच्या शाखेतून लेखी घेतलं.

भाड्याचं कलम छोटं दिसतं पण माणसं तिथेच होरपळतात. मसुद्यात होतं "२४ महिन्यांचं भाडं, दरमहा १४,०००". ते बदलून "ऑक्युपन्सीसह चावी हातात देईपर्यंत" केलं, दर ११ महिन्यांनी १० टक्के वाढ, जाण्या-येण्याचा सामान हलवायचा खर्च दोन्ही वेळचा, आणि प्रत्येक ११ महिन्यांचे चेक आगाऊ. लागोपाठ दोन महिने भाडं थकलं तर तो करारभंग आणि गॅरंटीतून वसुली.

घर रिकामं कधी करायचं, तर मनपाची बांधकाम परवानगी हातात आल्यावर आणि त्या मंजूर नकाशात आपले फ्लॅट परिशिष्टाप्रमाणे आहेत हे तपासल्यावरच, त्याआधी नाही. तुमची जमीन नागपूर सुधार प्रन्यासच्या लीजवर असेल तर त्यांच्या परवानगीचा टप्पा पण ह्यात धरा.

पॉवर ऑफ अॅटर्नी बिल्डरला फक्त परवानग्या काढायला आणि त्याच्या वाट्याचे फ्लॅट विकायला. मसुद्यात "जमीन गहाण ठेवण्याचे सर्व अधिकार" घुसवलं होतं, ते काढून कर्ज फक्त त्याच्या सेल फ्लॅटवर, जमीन आणि सभासदांचे फ्लॅट कधीच नाही, मूळ कागदपत्रं सोसायटीच्या लॉकरमध्ये. सभेच्या मंजुरीशिवाय प्रकल्प दुसऱ्या बिल्डरला सोपवता येणार नाही. काम सलग ९० दिवस बंद राहिलं तर नोटीस देऊन करार रद्द, आणि रद्द झाला की पॉवर ऑफ अॅटर्नी आपोआप संपली. सेल फ्लॅटचा ताबा सभासदांना ताबा मिळाल्यानंतरच. मधल्या काळात एफएसआय वाढला तर त्याचा फायदा बिल्डरला आपोआप नाही, नव्याने ठरवायचा. रेरामध्ये नवीन ग्राहकासाठी बांधकामातल्या दोषाची जबाबदारी पाच वर्षं बिल्डरवर असते, तीच जबाबदारी सभासदांसाठी करारात शब्दशः लिहून घेतली, म्हणजे उद्या आम्ही ग्राहक की जमीनमालक हा वाद नको.

करार रजिस्टर झाला, त्यावर स्टँप ड्युटी बिल्डरने भरली. मग प्रत्येक सभासदाचा वेगळा पर्यायी घराचा करार. बिल्डरच्या माणसाने सांगितलं की त्यावर पण प्रत्येकाला पूर्ण ड्युटी लागेल. पण मुंबई हायकोर्टाने फेब्रुवारी २०२३ मध्ये स्पष्ट केलंय की मूळ करारावर ड्युटी भरलेली असेल तर जुन्या सभासदाच्या अशा करारावर नाममात्रच लागते. सभासद स्वतः पैसे देऊन वरचा जादा एरिया विकत घेत असेल तर तेवढ्यावर ड्युटी लागते, आणि तसे दोघेच होते.

विरोधातल्या तिघांपैकी दोघांनी करार वाचून सही केली, काकाजी त्यात पहिले. एक जण शेवटपर्यंत राहिला. वकिलांनी त्याला समजावलं की प्रक्रिया नीट झाली असेल तर कोर्टं साधारणपणे बहुमताच्या निर्णयाला अल्पमताने अडवू देत नाहीत, घर रिकामं करायचे आदेश मिळतात. पण दबाव न टाकता त्याला विचारलं नेमकं काय खटकतं, तर त्याला आईच्या डायलिसिसमुळे हॉस्पिटलजवळच भाड्याचं घर पाहिजे होतं आणि १४,००० मध्ये तिकडे मिळत नव्हतं. सभेने ठराव करून सोसायटीच्या फंडातून वरचे तीन हजार त्याला द्यायचं ठरवलं, आणि त्याने सही केली.

बिल्डिंग पाडली, नवीन फाउंडेशन झालं, आता चौथ्या स्लॅबपर्यंत काम आलं आहे. करारात दर स्लॅबनंतर पीएमसीने परिशिष्टाशी माप ताडून लेखी रिपोर्ट द्यायचा असं आहे. दुसऱ्या स्लॅबनंतर भिंतींची आखणी मोजली तर एका बाजूच्या फ्लॅटची मागची बेडरूम चार इंचांनी अरुंद भरत होती, कारण कॉलम मोठा केल्यावर आर्किटेक्टने पार्टिशन आत ओढलं होतं. वीटकाम अजून सुरू झालं नव्हतं. पीएमसीने परिशिष्टाचा नकाशा जोडून बिल्डरला पत्र दिलं, आणि आठवड्याभरात ती आखणी पुसून पार्टिशन पॅसेजच्या बाजूला सरकवलं, वरच्या सगळ्या मजल्यांच्या नकाशात पण तोच बदल करून घेतला.